उरलेल्या गोळ्या

2023 ची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. फराळाचे डबे घासून उन्हात पालथे घातले आणि सहज म्हणून ह्यांच्या औषधांचा डबा आवरायला घेतला. साखरेच्या गोळीच्या पट्ट्या उचलल्या तर हाताला जड लागल्या. मोजल्या. महिन्याच्या सुरुवातीला आणलेल्या गोळ्यांतल्या वीस तारखेला जेवढ्या उरायला हव्यात, त्यापेक्षा चौदा जास्त होत्या. बीपीच्याही नऊ उरल्या होत्या.

मी विचारलं तर हे बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "लेकीचा दिवाळसण आहे, जावयांना अंगठी घालायची आहे, एखाद दिवस गोळी नाही घेतली तर काय होतंय?" एखाद दिवस नव्हता तो. ऑक्टोबरपासून चाललं होतं. रात्रीची गोळी ते एक दिवसाआड घेत होते, म्हणजे पुढच्या महिन्याची पट्टी आणावी लागणार नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांची साखर चारशेच्या वर गेली. तोंडाला कोरड, सारखी लघवी, आणि एका सकाळी तर बोलणं तुटक व्हायला लागलं. तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. बिल 38,000 झालं. घरात तेव्हा सहा हजारही नव्हते, कारण ऑक्टोबरमध्ये आलेलं व्याज दसरा-दिवाळीत संपलं होतं. मी हाताला साबण लावून पाटल्या काढल्या आणि त्या ठेवून 35,000 उचलले. त्या सोडवायला पुढचा सप्टेंबर उजाडला.

हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी, की घरखर्चाची वही मी तेव्हाही लिहीत होते. लग्नापासून लिहिते. त्या ऑक्टोबरच्या पानावर औषधांचा आकडा नेहमीपेक्षा साडेसहाशेंनी कमी आहे आणि त्याच्यापुढे मी माझ्या हाताने "बरं झालं" असं लिहिलेलं आहे. ते पान मी फाडलेलं नाही. पेन्शनीच्या घरात औषधाचा खर्च अचानक कमी झालेला दिसला, तर पहिला प्रश्न विचारायचा तो हाच की कोण गोळी चुकवतंय.

आमची मिळकत सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. हे सोलापुरातल्या एका सूतगिरणीत हिशेबनीस होते. 2012 साली निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनीचे महिन्याला 2,250 येतात. ह्या पेन्शनीला महागाई भत्ता नसतो, ती तेव्हा होती तेवढीच आज आहे आणि उद्याही राहील. फंड, ग्रॅच्युइटी आणि गावच्या जमिनीच्या वाटणीचे पैसे पोस्टात ठेवले आहेत. जुनी मुदत संपली तेव्हा 2023 मध्ये ते पुन्हा गुंतवले. नऊ लाख मासिक उत्पन्न योजनेत, 7.4 टक्क्यांनी, त्याचे दरमहा 5,550. पंधरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, 8.2 टक्क्यांनी. त्याचं व्याज महिन्याला नाही, तिमाहीला येतं, 30,750 रुपये. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी ह्या चार महिन्यांच्या सुरुवातीला. दोन्हीकडचा दर पाच वर्षांसाठी बांधलेला आहे, म्हणजे कमी होणार नाही आणि वाढणारही नाही.

तर महिन्याला 7,800 आणि तिमाहीला 30,750. घर स्वतःचं आहे. माणसं दोन.

आमची चूक अशी होती की तिमाहीचे पैसे आले की ते "वरचे पैसे" वाटायचे. महिन्याच्या 7,800 मध्ये किराणा, दूध, गॅस, लाइटबिल ओढूनताणून बसवायचं, आणि तिमाहीच्या पैशांतून जे समोर येईल ते करायचं. ऑक्टोबरमध्ये समोर दिवाळी येते. दिवाळी दारात उभी असते, आकाशकंदील लागलेला असतो, नवी पेठेतून चालताना पाय आपोआप दुकानाकडे वळतात. औषधं दारात उभी राहून कधी बोलावत नाहीत. दोन्ही एकाच डब्यातून भागवायचं म्हटलं की दरवेळी सण जिंकतो. ह्यांनी गोळ्या चुकवल्या त्या हट्टाने किंवा हलगर्जीपणाने नाही. लेकीच्या पहिल्या दिवाळसणाला काही कमी पडू नये म्हणून, डब्यात हात घालून जे निघू शकत होतं तेच त्यांनी काढलं.

त्यातून 2023 हे अधिक श्रावणाचं वर्ष होतं. लेकीचं लग्न त्याच मे महिन्यात झालेलं. जावयांना धोंड्याचं जेवण, अनारसे, ताट, दिवा, कपडे हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये झालं आणि पाठोपाठ गणपती, दसरा आणि दिवाळसण. जुलैचं व्याज अधिकात गेलं आणि ऑक्टोबरचं दिवाळीत.

पाटल्या सुटल्यावर, 2024 च्या ऑक्टोबरपासून मी वहीची पद्धत बदलली. सगळ्यात आधी मागच्या दोन-तीन वर्षांची पानं काढून बसले आणि औषधांचे आकडे शोधले. नशिबाने दुकानाच्या पावत्याही एका पिशवीत होत्या. पुढे 2025 च्या एप्रिलची पावती आली तेव्हा ती 2022 च्या एप्रिलच्या पावतीशेजारी ठेवली. तेव्हा 2,150, आता 3,050. तीन वर्षांत नऊशे रुपये वाढ. आधी वाटलं, महागाई. मग एकेक गोळी समोरासमोर लावून पाहिली. 2022 मध्ये ज्या गोळ्या होत्या त्याच गोळ्या 2025 मध्ये 2,480 ला आल्या होत्या. म्हणजे भावामुळे वाढले फक्त 330. उरलेले 570 एका नव्या गोळीचे होते, जी दवाखान्यातून आल्यावर डॉक्टरांनी लिहून दिली.

हे कळल्यावर माझा सगळा अंदाज बदलला. औषधांच्या किमतीला सरकारची वेसण असते. अत्यावश्यक यादीतल्या औषधांच्या किमती दर 1 एप्रिलला घाऊक महागाईच्या आकड्याप्रमाणे हलतात आणि यादीबाहेरच्यांना वर्षाला दहा टक्क्यांच्या वर किंमत वाढवता येत नाही. म्हणजे भाव चढतो तो हळूहळू. गोळी मात्र एकदम वाढते. तिमाहीची तपासणी होते, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा वर गेलेला दिसतो आणि डॉक्टर एक ओळ वाढवून लिहितात. त्या दिवसापासून दरमहा पाचशे-सहाशे जास्त, आणि ती ओळ बहुधा परत खोडली जात नाही. म्हणून मी आता औषधांची रक्कम ठरवताना ह्या महिन्याची पावती बघत नाही. मागच्या बारा महिन्यांची बेरीज करते, बाराने भागते आणि वर पंधरा टक्के धरते. भाव आणि नवी ओळ, दोन्ही त्यात बऱ्यापैकी बसतात.

3,050 मात्र आम्हाला झेपणारे नव्हते. डॉक्टरांना मी स्पष्ट सांगितलं, "साहेब, एवढे परवडत नाहीत, आणि परवडत नाहीत म्हणून हे चुकवतात." त्यांनी चिठ्ठी परत घेतली आणि गोळ्यांची मूळ नावं लिहून दिली. जनऔषधी केंद्रात त्यातल्या तीन मिळाल्या, बऱ्याच स्वस्त. नवी गोळी तिथे नव्हती, ती बाहेरूनच घ्यावी लागते. तिथे घेताना एक गोष्ट मी शिकले. नाव जुळलं म्हणजे गोळी जुळली असं नाही. मेटफॉर्मिन 500 आणि मेटफॉर्मिन 500 एसआर ह्या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. एसआर म्हणजे हळूहळू सुटणारी, ती अर्धी मोडून खायची नसते आणि साधीच्या जागी आपल्या मनाने घ्यायची नसते. मी जुनी रिकामी पट्टी सोबत नेते आणि मिलिग्रॅम आणि पुढची अक्षरं, दोन्ही लावून बघते. कधी कधी तिथला साठा संपलेला असतो, मग त्या महिन्यात बाहेरून महाग घ्यावं लागतं. म्हणून दोन हजारांत भागत असलं तरी मी 2,500 च बाजूला ठेवते.

डॉक्टरांची फी, साखरेची तिमाही तपासणी, वर्षातून दोनदा किडनीची आणि चरबीची, एकदा डोळ्यांचा पडदा, हे धरून महिन्याला 800.

आता सण. सणांचं बरं असतं की ते कालनिर्णय उघडलं की दिसतात. दवाखाना कधी लागेल ते पंचांगात लिहिलेलं नसतं, पण दिवाळी असते. मी सगळ्या सणांचा वर्षाचा खर्च मांडला. गौरी-गणपती 6,500. दिवाळी फराळ, कपडे, भाऊबीज धरून 11,500. संक्रांत आणि गड्डा 3,200, कारण सिद्धेश्वर महाराजांची यात्रा म्हणजे सोलापूरकराच्या घरी पाहुणा असतोच. अक्षता सोहळा बघायला माझी बहीण इंडीहून येते, नातवंडांना होम मैदानावर पाळण्यात बसवायचं असतं, भोगीची भाजी आणि तिळाची भाकरी सगळ्यांना पुरेल एवढी करायची असते. बाकी पाडवा, श्रावण, नवरात्र-दसरा, होळी असे मिळून 6,800. एकूण 28,000. म्हणजे तिमाहीला सात हजार.

हा भागाकार सोपा आहे, पण सुरुवात कोणत्या महिन्यात करायची ह्यावर सगळं अवलंबून असतं. मी पहिल्यांदा विचार केला होता की जुलैपासून करावी, श्रावणाच्या तोंडावर. कागदावर मांडलं तेव्हा फसगत लक्षात आली. श्रावण, गौरी-गणपती, दसरा, दिवाळी हे चार महिन्यांत लागोपाठ येतात आणि त्यांचे 22,200 होतात. जुलै आणि ऑक्टोबरचे मिळून हातात असतात चौदा हजार. आठ हजार कमी पडतात, आणि ते आठ हजार कुठून येणार ते मला 2023 मध्ये कळलेलं होतं.

सुरुवात करायची ती दिवाळी सरल्यावर, जानेवारीच्या व्याजापासून. जानेवारीचे सात हजार, त्यातून संक्रांत-गड्ड्याचे 3,200 गेले, उरले 3,800. एप्रिलचे सात मिळवले, पाडव्याचे हजार गेले, राहिले 9,800. जुलैचे सात आले की 16,800. त्यातून श्रावण आणि गौरी-गणपतीचे 8,700 गेले, राहिले 8,100. ऑक्टोबरचे सात आले की 15,100, त्यातून दसरा-दिवाळीचे 13,500. शेवटी 1,600 उरतात, होळी वगैरे किरकोळ सणांसाठी. एप्रिलमध्ये ते 9,800 नुसते पडून असतात तेव्हा हात लावायचा मोह होतो. मे महिन्यात लग्नसराई असते, उन्हाळ्यात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, टँकर मागवावा लागतो. पण त्या पैशावर गौराईंचं नाव आहे, हे मी स्वतःला बजावते.

तारखांचंही एक आहे. 2025 मध्ये घटस्थापना 22 सप्टेंबरला होती आणि दसरा 2 ऑक्टोबरला. व्याज येतं महिन्याच्या सुरुवातीला. म्हणजे नवरात्राचं सामान घेताना ऑक्टोबरचे पैसे हातात नव्हते. जुलैचे शिल्लक होते म्हणून निभावलं. दरवर्षी सण सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक मास आला की एकदम पुढे जातात. हे बघूनच पान आखावं लागतं.

तिमाहीच्या 30,750 ची वाटणी मग अशी झाली. औषधं 7,500, डॉक्टर-तपासण्या 2,400, सण 7,000. वर्षाची ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, घरपट्टी, ह्या वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांसाठी 4,500. मालदांडी आम्ही रब्बीचा माल आला की वर्षाची भरून ठेवतो, भाकरीशिवाय ह्यांचं जेवण होत नाही. महिन्याच्या 7,800 मध्ये घर चालत नाही, म्हणून महिना दीड हजारांप्रमाणे 4,500 तिकडे वळवते. उरतात 4,850. ते अडीनडीचे.

अडीनडीच्या पैशांचा विचार मी बराच केला. हे आता 71 चे आहेत. सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंत उपचार देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड 2024 च्या ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालं, ते आम्ही लगेच काढलं. पण त्या कार्डाची हद्द ओळखून असावं लागतं. दवाखान्यात दाखल झालं तरच ते चालतं, तेही योजनेतल्या दवाखान्यात. रोजच्या गोळ्या, साखरेची तपासणी, डॉक्टरांची फी ह्यांपैकी काहीही त्यात येत नाही. शेजारच्या काकूंनी कार्ड मिळाल्यावर औषधांचे पैसे बाजूला काढणंच बंद केलं होतं, त्यांना हे समजावताना मला फार वाईट वाटलं. आणि मी 66 ची, ते कार्ड मला अजून चार वर्षं मिळणार नाही. राज्याची महात्मा फुले योजना आहे, पण ती ठरलेल्या आजारांना, ठरलेल्या दवाखान्यांत. रात्री बारा वाजता रिक्षाने जो जवळचा दवाखाना गाठू, तिथे अनामत रक्कम मागतील ती रोखच द्यावी लागते.

म्हणून साठ हजार जमेपर्यंत ह्या पैशांना हात लावायचा नाही असं ठरवलं. सहा तिमाह्या झाल्या, 29,100 जमले. मधे माझ्या गुडघ्याचं निघालं, त्यात 5,700 गेले. आज 23,400 आहेत. हे पैसे मी वेगळ्या बचत खात्यात ठेवते, कारण घरातल्या डब्यात ठेवलेले पैसे सणाला सापडतात.

हे सगळं जमलंय असं मात्र मी म्हणणार नाही. मिळकत बांधलेली आहे आणि औषधं पंधरा टक्क्यांनी वाढणार हे मीच धरलेलं आहे. म्हणजे पुढच्या वर्षी 2,500 चे 2,875. तिमाहीला 1,125 जास्त. ते कुठून आणायचे ह्यावर आम्ही दोघं गड्डा संपल्यावर बसलो. ह्यांनी पहिल्यांदा अडीनडीवर बोट ठेवलं. मी नाही म्हटलं. मग दिवाळीचं पान उघडलं. नैवेद्य, भाऊबीज आणि नातीचा फ्रॉक ह्यांना हात लावायचा नाही ह्यावर दोघांचंही एकमत होतं. फराळ मात्र आम्ही चौदा घरी वाटतो. त्यातल्या निम्म्या घरांत आता गोडाला हात लावणारं माणूस नाही, सगळ्यांना साखर आहे. तिथे चार चकल्या आणि चिवड्याची एक पुडी दिली तर त्यांनाही बरं पडेल. माझी नवी साडी दोन वर्षांतून एकदा. एवढ्यात तीन हजार निघाले. वर्षाला लागतात साडेचार. उरलेले दीड हजार आहेराच्या पाकिटातून काढायचे असं ठरलं, पण ते मला अजून पटलेलं नाही. आहेर म्हणजे लोकांनी आपल्या घरच्या कार्याला दिलेला परत करायचा असतो, तो कमी करताना मन धजत नाही. त्या ओळीपुढे मी सध्या पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून ठेवलंय.

शिवाय यंदा, 2026 मध्ये, पुन्हा अधिक मास आहे, 17 मे ते 15 जून, अधिक ज्येष्ठ. साधारण पावणेतीन वर्षांनी तो येतो, हे ठाऊक असून 2023 मध्ये मी त्याला अचानक आलेला खर्च म्हणून लिहिलं होतं. आता धोंड्यासाठी दरमहा शंभर रुपये वेगळे काढते. पंधरा महिन्यांचे पंधराशे आहेत, मेपर्यंत अठराशे-एकोणीसशे होतील. जावयांना मी फोनवर सांगितलं, "ह्या वेळी जेवण आणि अनारसे, ताट-बिट काही नाही हं." ते म्हणाले, "आई, अनारसे तेवढे जास्त करा."

ह्यांच्या गोळ्यांचं असं ठरवलंय की पट्टी फोडली की तिच्या मागे पेनाने तारीख घालायची. पंधराची पट्टी रोज एक गोळी असेल तर पंधराव्या दिवशी रिकामी झालीच पाहिजे. महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर हे स्वतःच डबा आणतात आणि पट्ट्या माझ्यापुढे टेबलावर मांडतात. मी वहीत औषधांचा आकडा लिहिते, मग पट्ट्या उलट्या करून तारखा बघते आणि मोजते. गेल्या महिन्यात एक गोळी जास्त निघाली. पंढरपूरला गेलो होतो त्या रात्रीची, पिशवीत राहिली होती. ती कुठली ते कळेपर्यंत मी वही मिटली नाही.